मोबाइलवर झकास दिसणारा फोटो फ्रेममध्ये का फुटतो? फोटो-व्हिडिओची मूळ फाइल पाठवायची पद्धत

सांगलीत माझं फोटो प्रिंटिंग आणि अल्बमचं दुकान आहे. द्राक्षाचा हंगाम सुरू असताना तासगावकडचे एक काका आले. घरात आबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्यांना आबा-आजींचा बारा बाय सोळा इंचांचा फोटो फ्रेम करून हवा होता, हॉलच्या दारात ठेवायला. फोटो सुरेखच होता. द्राक्षाच्या मांडवाखाली दोघं खुर्च्यांवर बसलेली, आजींच्या अंगावर हिरवं इरकल, त्याला लाल काठ, आणि मागं वेलींतून झिरपणारं सकाळचं ऊन. काकांनी तो मला कुटुंबाच्या ग्रुपवरून घेऊन पाठवला होता.

मी तो कॉम्प्युटरवर उघडून छपाईच्या आकाराला मोठा केला आणि काकांनाच स्क्रीनसमोर बसवलं. आबांच्या मिशीचे केस वेगळे दिसत नव्हते, तिथं करडा पट्टा होता. वेलीची पानं एकमेकांत मिसळून हिरवा लगदा झाला होता. आणि जिथं लाल काठ हिरव्या अंगाला मिळतो, तिथं लाल रंग कडेबाहेर सांडल्यासारखा दिसत होता, ओल्या कापडाचा रंग शेजारच्या कापडाला लागावा तसा.

"मोबाइलवर तर झकास दिसतंय की!" काका म्हणाले.

खरं होतं. मोबाइलच्या स्क्रीनची रुंदी जेमतेम तीन इंच, आणि तीन इंचात तो फोटो उत्तमच दिसणार. सोळा इंचांवर गेल्यावर मात्र त्यात काय उरलंय ते कळतं. मी फाइलची माहिती काढली: १६०० बाय १२०० पिक्सेल, २१० केबी. ज्या मोबाइलवर हा फोटो काढला तो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचे फोटो काढतो. म्हणजे मूळचे एक कोटी वीस लाख ठिपके, आणि माझ्यापर्यंत पोचले एकोणीस लाख वीस हजार. सहा भागांतला जेमतेम एक भाग.

छपाईचं गणित अगदी सोपं आहे. फोटोच्या लांब बाजूचे पिक्सेल घ्यायचे आणि प्रिंटच्या लांब बाजूच्या इंचांनी भागायचे. ४००० भागिले १६ म्हणजे इंचाला २५० ठिपके. हातात धरून पाहायच्या फोटोला ३०० सर्वोत्तम, पण भिंतीवरच्या फ्रेमला २५० भरपूर झाले. १६०० भागिले १६ म्हणजे १००. जवळ उभं राहून पाहणाऱ्याला ते फुटलेलं दिसतंच. तोच फोटो चार बाय सहा इंचांत छापला असता तर १६०० भागिले ६ म्हणजे २६६ आले असते आणि काकांना काही फरक कळला नसता. म्हणून ग्रुपवरचा प्रत्येक फोटो छपाईला निकामी, असं मी म्हणत नाही. आकार विचारल्याशिवाय फोटोला बरा-वाईट म्हणता येत नाही.

फोटो लहान करतात ते का

कारण समजून घेतलं तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथं थोडं थांबतो.

काकांच्या भावकीचा ग्रुप दोनशे माणसांचा आहे. मूळ फोटो ४.८ एमबीचा होता. तो तसाच टाकला असता तर दोनशे मोबाइलवर मिळून ९६० एमबी उतरले असते, जवळजवळ एक जीबी, आणि तेही एकाच फोटोसाठी. २१० केबीच्या फोटोला तेच काम ४२ एमबीत झालं. आता त्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे सुप्रभात आणि वाढदिवसाचे फोटो धरा, आणि असे ग्रुप किती असतील ते धरा. डेटा वाचतो, ३२ किंवा ६४ जीबीच्या मोबाइलमधली जागा वाचते, आणि शिवारात एकच रेघ रेंज असतानाही फोटो पटकन जातो. मेसेजिंग ॲप लगेच पाहायच्या फोटोसाठी बनवलेलं आहे आणि त्या कामाला लहान फोटोच योग्य. आपण त्याच वाटेनं छपाईचा फोटो पाठवतो, तिथं घोटाळा होतो.

लहान करताना दोन वेगळ्या गोष्टी होतात. लोक त्या एकच समजतात, म्हणून सुटं करून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे फोटोची मापं कमी होतात. ४००० चे १६०० होतात. दुसरी गोष्ट म्हणजे उरलेल्या ठिपक्यांवरही जेपेग पद्धतीचा दाब पडतो. जेपेग फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक-बारीक फरक किती ठेवायचे ते ठरवतं. दाब जास्त असेल तर केस, पानं, कापडाचा पोत असले फरक आधी जातात आणि निरभ्र आकाश, भिंत असले सपाट भाग तसेच राहतात. शिवाय आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक रंगातल्या फरकापेक्षा जास्त बारीक कळतो, म्हणून रंगाची माहिती वेगळी काढून तीही कमी केली जाते. बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. लाल काठ आणि हिरवं अंग जिथं भिडतं तिथं ही एक नोंद दोन्ही रंगांची सरमिसळ होते. काकांच्या फोटोत जो लाल रंग सांडलेला दिसत होता, तो यामुळे.

लहान होतो तो पाठवणाऱ्याच्याच मोबाइलवर

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. दुकानात मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "मूळ फोटो कंपनीच्या सर्व्हरवर असेल की, तो परत नाही का मिळणार?" नाही मिळणार, कारण तो तिकडं गेलेलाच नसतो.

व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सगळे मेसेज टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद जातात. पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या मोबाइलवर उघडतं. मधल्या सर्व्हरला आतला फोटो दिसत नाही, म्हणून तो लहानही करता येत नाही. त्यामुळं जे काही लहान करायचं ते कुलूप लावण्याआधी, पाठवणाऱ्याच्याच मोबाइलमध्ये होतं. आपण पाठवायचं बटण दाबतो त्या क्षणी ॲप मूळ फोटोची एक नवी लहान प्रत बनवतं आणि तीच निघते. मूळ फोटो गॅलरीत जसाच्या तसा बसलेला असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. घेणाऱ्याला काही करता येत नाही. मी इथं बसून कितीही सेटिंग बदललं तरी आलेल्या २१० केबीतून आबांच्या मिशीचे केस निघणार नाहीत. फोटोशॉपमध्ये १६०० चे ४००० करता येतात, पण ते वाढवलेले ठिपके शेजारच्या ठिपक्यांवरून काढलेले अंदाज असतात. आणि दुसरी गोष्ट आशेची आहे. मूळ फोटो हवा असेल तर ज्या मोबाइलवर तो काढला तो मोबाइल शोधायचा. दहांपैकी आठ वेळा फोटो तिथं सापडतो.

काकांना मी हाच प्रश्न विचारला: "फोटो काढला कुणी?" त्यांनी दोन फोन केले. फोटो पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यानं काढला होता, सुट्टीला आला होता तेव्हा. त्याच्या मोबाइलमध्ये तो अजून होता.

पुतण्यानं फोटो कसा पाठवला

त्यानं आधी आपल्या परीनं चांगला मार्ग निवडला. फोटो निवडल्यावर वर दिसणारं `HD` दाबलं आणि पाठवला. ही सोय व्हॉट्सॲपमध्ये २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली. मला मिळाला तो ४००० बाय ३००० चा, पण फाइल १.४ एमबीची. म्हणजे मापं राहिली, दाब मात्र पडलाच. आठ बाय दहा इंचांपर्यंतच्या प्रिंटला मी असा फोटो बिनदिक्कत घेतो. ५० मेगापिक्सेलवर काढलेल्या फोटोची तर मापंही `HD` मध्ये कमी होतात. नाव `HD` असलं तरी ती मूळ फाइल नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं. ज्यांना प्रत्येक वेळी `HD` दाबायचा कंटाळा येतो त्यांनी सेटिंगमध्ये `Storage and data` आणि त्यात `Media upload quality` उघडून तिथं `HD quality` निवडून ठेवावं. घरगुती वापराला तेवढं पुरतं.

फ्रेमला मला मूळ फाइलच हवी होती, म्हणून त्याला फोनवर एकेक पाऊल सांगितलं. तेच इथं लिहितो.

१. गॅलरीत जाऊन शेअर दाबू नका. गॅलरीतून शेअर केलं की ॲप त्याला फोटो समजतं आणि लहान करतं. आधी व्हॉट्सॲप उघडा आणि ज्याला पाठवायचं त्याचं चॅट उघडा.

२. मेसेज लिहायच्या जागेशेजारची पिन दाबा. आयफोनवर तिथं `+` असतो.

३. `Gallery` किंवा `Photos` न निवडता `Document` निवडा. सगळा खेळ या एका पावलात आहे. डॉक्युमेंट म्हणून दिलेली फाइल ॲप उघडून पाहत नाही, लहान करत नाही, नुसती कुलूप लावून पोचवते. बिलाची पीडीएफ जशी जाते तसाच फोटो जातो.

४. पुढं फोटो शोधायचा. अँड्रॉइडवर मोबाइलमधल्या फाइल दिसतात. कॅमेऱ्यानं काढलेले फोटो `DCIM` नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या `Camera` मध्ये असतात. काही मोबाइलवर डॉक्युमेंटच्याच पानावर गॅलरीतून निवडायचीही सोय दिसते, ती चालेल. आयफोनवर फाइलमधून घ्यायचं की फोटोतून घ्यायचं असं विचारतात, तिथं फोटो निवडा.

५. पाठवण्याआधी स्क्रीनवर काय दिसतंय ते पाहा. फोटोचं मोठं चित्र आणि वर कात्री-पेन्सिलची बटणं दिसत असतील तर तुम्ही फोटो पाठवताय. फाइलचं नाव आणि एमबी दिसत असतील तर डॉक्युमेंट. दुसरं दिसलं की पाठवा.

डॉक्युमेंटची मर्यादा एका फाइलला २ जीबी आहे, म्हणजे फोटोला ती कधीच आडवी येत नाही. टेलिग्रामवर याच कामाला फाइल म्हणून पाठवायची सोय आहे आणि तिथंही साध्या खात्याला २ जीबी मिळतात. एकेक फोटो काढत बसणं चाळीस फोटोंना जड जातं. तेव्हा फाइल मॅनेजरमध्ये सगळे निवडून एक झिप करावी आणि ती झिप डॉक्युमेंट म्हणून टाकावी. झिपचं नाव ऐकून लोक बिचकतात, पण तिथं एकही ठिपका कमी होत नाही. उघडलं की जसेच्या तसे फोटो बाहेर येतात. जेपेग आधीच दाबलेलं असल्यामुळं झिप केल्यावर एमबीही फारसे घटत नाहीत, त्याची काळजी करू नका.

मूळ आला की नाही हे कसं ओळखायचं

पुतण्या म्हणाला, "डॉक्युमेंटनंच पाठवलाय, काका." तरी मी तपासलंच. अर्धा मिनिट लागतं आणि फ्रेम पुन्हा करायचा खर्च वाचतो.

पहिली खूण नावात असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपनं फोटो म्हणून आलेल्या फाइलचं नाव असं असतं:

```
IMG-20250208-WA0017.jpg
```

मधे तारीख, मग `WA` आणि क्रमांक. हे नाव ॲपनं दिलेलं आहे, म्हणजे ही लहान केलेली प्रत. कॅमेऱ्याचं नाव बहुधा `IMG_20250208_081532.jpg` किंवा आयफोनचं `IMG_4127.HEIC` असं असतं, आणि डॉक्युमेंटनं आलेली फाइल ते मूळ नाव घेऊन येते. गंमत अशी की कित्येकदा माणसं खरंच डॉक्युमेंट पाठवतात, पण नावात `WA` असतं. म्हणजे त्यांनी ग्रुपवरून सेव्ह झालेला लहान फोटोच डॉक्युमेंट करून पाठवलेला असतो. आधीच गेलेलं डॉक्युमेंटनं परत येत नाही.

दुसरी खूण मापं आणि वजन. गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की खाली नाव, मेगापिक्सेल, पिक्सेलमधली मापं आणि एमबी दिसतात. विंडोजवर फाइलवर उजवं क्लिक करून `Properties` आणि त्यातलं `Details` पाहायचं. लांब बाजू १६०० किंवा त्याच्या आसपास दिसली की समजायचं.

तिसरी खूण कॅमेऱ्याची नोंद. मूळ फाइलमध्ये कोणत्या मोबाइलनं, किती वाजता, कोणत्या सेटिंगवर फोटो काढला ते लिहिलेलं असतं. फोटो म्हणून पाठवताना ॲप ही नोंद काढून टाकतं. `Details` मध्ये कॅमेऱ्याची जागा रिकामी असेल तर संशय घ्यावा.

या तिसऱ्या खुणेला दुसरी बाजूही आहे आणि ती मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. त्या नोंदीत फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलबरोबर तुमच्या घराचा ठिकाणाही जातो. दुकानदाराला किंवा घरच्यांना पाठवताना अडचण नाही. अनोळखी माणसाला, किंवा जुनी वस्तू विकायला फोटो टाकताना मात्र साधा लहान फोटोच बरा.

स्टुडिओवाले माझ्याकडं लग्नाच्या शेकडो फाइल पाठवतात तेव्हा शंकाच राहू नये म्हणून आम्ही एक जास्तीची पायरी करतो. दोन्हीकडच्या विंडोज कॉम्प्युटरवर ही आज्ञा चालवायची:

```
certutil -hashfile album.zip SHA256
```

अंक-अक्षरांची एक लांब ओळ येते. दोन्हीकडची ओळ तंतोतंत सारखी असेल तर फाइल एका बिटानंही बदललेली नाही. घरगुती कामाला एवढं नको, बाइटपर्यंत आकार जुळला तरी पुरे.

डॉक्युमेंटनं पाठवूनही अडतं कुठं

सगळ्यात जास्त फोन येतो तो "फोटो आलाच नाही" म्हणून. आलेला असतो. डॉक्युमेंट गॅलरीत दिसत नाही, ते व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंटच्या फोल्डरमध्ये जातं. चॅटमध्ये त्यावर टिचकी मारून उघडायचं आणि तिथून सेव्ह करायचं. पुढं दुसऱ्याला द्यायचा असेल तर तोच मेसेज फॉरवर्ड करायचा, म्हणजे तो डॉक्युमेंट म्हणूनच जातो. गॅलरीत सेव्ह करून तिथून शेअर केला की पुन्हा लहान झाला. आणि स्क्रीनशॉट काढून तर कधीच पाठवू नका. त्यात फोटोऐवजी तुमच्या स्क्रीनचे ठिपके येतात.

आयफोनवाल्यांची वेगळी अडचण असते. आयफोन बहुधा `HEIC` प्रकारात फोटो ठेवतो. तो प्रकार चांगलाच आहे, कमी जागेत जास्त माहिती मावते. पण मूळ फाइल पाठवली की कधी कधी समोरच्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही. आमच्याकडं उघडते, पण सगळ्या दुकानांत उघडेलच असं नाही. समारंभाच्या आधीच सेटिंगमध्ये `Camera`, मग `Formats`, आणि तिथं `Most Compatible` करून ठेवलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात.

आणि एक फसवणारी गोष्ट म्हणजे मोबाइलमध्येच मूळ फोटो नसणं. आयफोनवर `Optimize iPhone Storage` चालू असेल तर मोबाइलमध्ये लहान प्रत राहते आणि मूळ आयक्लाउडवर असतो. पाठवताना आधी खाली उतरवावा लागतो, त्याला नेट आणि वेळ लागतो. गुगल फोटोजचं प्रकरण जास्त कठीण आहे. बॅकअप `Storage saver` वर असेल तर वर गेलेला फोटो दाबलेलाच असतो, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर मापंही कमी होतात. मग जागा नाही म्हणून `Free up space` दाबलं की मोबाइलमधला मूळ फोटो पुसला जातो आणि दाबलेली प्रत तेवढी उरते. पुतण्यानं हे बटण दाबलेलं नव्हतं म्हणून आमचं काम झालं. ज्यांना घरचे फोटो पुढं छापायचे आहेत त्यांनी तिथं `Original quality` ठेवावं. १५ जीबी जागा फुकट मिळते, पण तीत जीमेल आणि ड्राइव्हही मोडतात, म्हणून ती लवकर भरते.

व्हिडिओचं दुखणं मोठं आहे

फोटोत जे थोडं चालून जातं ते व्हिडिओत चालत नाही. आबांच्या औक्षणाचा व्हिडिओ पुढं टीव्हीवर लावायचा होता. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ ४८० पीच्या आसपास येतो आणि `HD` केला तरी ७२० पी. शिवाय व्हिडिओ दाबताना एका चित्रातून पुढच्या चित्रात काय बदललं तेवढंच मुख्यतः साठवतात. आबा स्थिर बसलेत तोवर ठीक दिसतं. अक्षता उधळल्या, किंवा लेझीमचा फेर सुरू झाला, की प्रत्येक चित्रात सगळंच बदलतं. दिलेल्या जागेत ते मावत नाही आणि पडद्यावर चौकोन-चौकोन उठतात. म्हणून तपासायचा असेल तर व्हिडिओतला सगळ्यात धावपळीचा तुकडा लावून पाहावा.

औक्षणाचा तुकडा तीन मिनिटांचा होता. १०८० पीला मिनिटाला साधारण १३० एमबी धरले तर ३९० एमबी. २ जीबीच्या आत बसतो, म्हणून डॉक्युमेंटनं गेला. पूर्ण कार्यक्रम चाळीस मिनिटांचा, म्हणजे ५.२ जीबी. तो डॉक्युमेंटनं जाणार नाही. त्याला दोन वाटा आहेत.

एक वाट गुगल ड्राइव्हची. फाइल चढवायची, शेअरमध्ये `Anyone with the link` करायचं आणि लिंक पाठवायची. ड्राइव्ह फाइल दाबत नाही. पण घेणारा तिथल्या तिथं चालवून पाहतो आणि "क्वालिटी गेली" म्हणतो. तिथं दिसते ती बघण्यापुरती हलकी प्रत असते. `Download` करूनच पाहायचं. वेळेचाही अंदाज घ्यावा: अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ५.२ जीबीला सत्तर मिनिटांच्या आसपास लागतात. जाहिरातीत सांगतात तो वेग बहुधा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा मोजून पाहा.

दुसरी वाट पेनड्राइव्हची, आणि तासगाव-सांगलीसारख्या अंतराला मला तीच पसंत आहे. फक्त एक खोच आहे. बरेच जुने पेनड्राइव्ह `FAT32` प्रकारात असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. पेनड्राइव्हवर ३२ जीबी रिकामे असले तरी कॉम्प्युटर फाइल मोठी आहे म्हणून नकार देतो आणि माणूस गोंधळतो. आतलं सगळं आधी काढून ठेवून तो `exFAT` मध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो.

दोन्ही माणसं एकाच खोलीत असतील तर नेटची गरजच नाही. अँड्रॉइडवर क्विक शेअर, आयफोन ते आयफोन एअरड्रॉप. दोन्हींत फाइल थेट एका मोबाइलमधून दुसऱ्यात जाते. अँड्रॉइड आणि आयफोन असतील आणि दोन्ही एकाच वायफायवर असतील तर लोकलसेंड नावाचं मोफत ॲप दोन्हीकडं टाकावं. समारंभातच, पाहुणे पांगायच्या आधी, हे करून घ्यावं असं मी सांगतो. मांडवातून निघाल्यावर कुणाच्या मोबाइलमध्ये काय राहिलं हे शोधण्यात आठवडे जातात.

पुतण्याची फाइल संध्याकाळी आली. नावात `WA` नव्हतं, मापं ४००० बाय ३०००, वजन ४.८ एमबी, कॅमेऱ्याची नोंद जागेवर. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी तिन्ही फाइलींचा एकच तुकडा, आजींच्या खांद्यावरचा काठ, एका कागदावर शेजारीशेजारी छापून ठेवला होता. ग्रुपवरच्या फोटोत काठ म्हणजे लाल पट्टा होता. `HD` मध्ये नक्षी आहे एवढं कळत होतं. मूळ फाइलमध्ये नक्षीतला दोरा दिसत होता, आणि आबांच्या हातातल्या द्राक्षाच्या मण्यांवरची पांढरी लवही.

काकांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला, घरी दाखवायला. बारा बाय सोळा मूळ फाइलवरून छापला. ग्रुपवरून आलेला २१० केबीचा फोटोही मी टाकून दिला नाही. निमंत्रणपत्रिकेवर तो तीन इंचात बसवला आणि तिथं तो अगदी नीट आला.